'झाडे लावली पाहिजे' यात चूक काय?

पाटीपेन्सिल

स्पर्धा परीक्षेच्या सराव चाचणीत मराठीच्या भागात वाक्यशुद्धीचे प्रश्न होते. त्यातली दोन वाक्ये इथे देतो.

१) आपण दरवर्षी झाडे लावली पाहिजे.
२) विद्यार्थ्यांनी वेळेवर आले पाहिजेत.

मी पहिले वाक्य शुद्ध ठरवले, कारण कानाला कुठेच खटकत नाही. घरी, बसमध्ये, भाषणात सगळीकडे असेच ऐकू येते. उत्तरतालिकेत ते अशुद्ध आहे आणि 'पाहिजेत' हवे असे लिहिले आहे. मग दुसरे वाक्य 'विद्यार्थी अनेक, म्हणून पाहिजेत' या हिशेबाने शुद्ध ठरवले, तर तेही अशुद्ध! तिथे म्हणे 'पाहिजे' हवे. म्हणजे एका ठिकाणी त नाही म्हणून चूक आणि दुसऱ्या ठिकाणी त आहे म्हणून चूक.

क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते हे शाळेत शिकलो. पहिल्यात कर्ता 'आपण', दुसऱ्यात 'विद्यार्थी'. दोन्ही अनेकवचनी. मग उत्तरे उलटी कशी? स्पष्टीकरणात फक्त 'कर्मणी' आणि 'भावे' एवढे दोन शब्द आहेत, त्यांनी माझे समाधान होत नाही.

गणितवाला

सोपे आहे. क्रियापद जवळच्या नामाप्रमाणे चालते. पहिल्यात 'पाहिजे'च्या जवळ 'झाडे' आहे, म्हणून पाहिजेत. दुसऱ्यात जवळ नामच नाही, म्हणून पाहिजे. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांत हे असणारच, तिथे बघा.

तिसरं_प्रूफ

उत्तर बरोबर आले, पण वाटेत दोन गोष्टी चुकल्या.

१९६२चे नियम, म्हणजे साहित्य महामंडळाचे आधीचे १४ आणि १९७२ला वाढवलेले ४, हे अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ अशा लेखनाच्या बाबींचे आहेत. कोणते क्रियापद कोणत्या नामाच्या मागे चालते, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही. 'पाहिजे' आणि 'पाहिजेत' दोन्ही त्या नियमांप्रमाणे शुद्धच लिहिलेले आहेत.

दुसरे म्हणजे जवळ-लांबचा संबंध नाही. 'झाडे आपण सगळ्यांनी मिळून या पावसाळ्यात डोंगरावर लावली पाहिजेत.' इथे झाडे वाक्याच्या पार सुरुवातीला आहेत आणि क्रियापदाला चिकटून डोंगर बसला आहे, तरी पाहिजेतच. नाम कुठे बसले आहे ते बघायचे नाही. ते कोणत्या रूपात बसले आहे ते बघायचे.

खडूफळा

पाटीपेन्सिल, गोंधळ 'आपण'मुळे झालाय असे मला वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

'पाहिजे' क्षणभर हाताने झाका. उरते 'आपण झाडे लावली'. आता 'आपण'च्या जागी सुनील आणा. 'सुनील झाडे लावली' असे कोणी म्हणत नाही, 'सुनीलने झाडे लावली' म्हणतात. याचा अर्थ 'आपण'च्या मागेसुद्धा तो 'ने' आहे, फक्त दिसत नाही. मी, आम्ही, तू, तुम्ही, आपण ही मंडळी अशा वाक्यात 'ने' न घेताच उभी राहतात. त्यामुळे ती मोकळ्या कर्त्यासारखी भासतात आणि क्रियापद त्यांच्याच मागे जात असेल असे वाटते.

क्रियापद ने लागलेल्या नामाकडे बघत नाही. ला, ना लागलेल्याकडेही बघत नाही. जे नाम काहीही न लागता मोकळे उभे आहे त्याच्याकडे बघते. 'सुनीलने झाड लावले, सुनीलने वेल लावली, सुनीलने आंबा लावला.' सुनील तोच आहे, बदलतेय ते लावलेल्या वस्तूप्रमाणे. आता पाहिजे वरचा हात काढा. जे नाम 'लावली'ला वळवते तेच 'पाहिजे'लाही वळवते. झाडे अनेक, म्हणून 'लावली' अनेकवचनी, म्हणून 'पाहिजेत'. एकाच नामाच्या मागे चालणारी दोन क्रियापदे, त्यातल्या एकाने अनेकवचन घ्यायचे आणि दुसऱ्याने एकवचन, हे जमत नाही. तालिकेत चूक धरली आहे ती ही.

दुसऱ्या वाक्यात विद्यार्थ्यांना 'नी' लागला आहे, म्हणजे ते बाद. येण्याला कर्म नसते, म्हणजे दुसरे मोकळे नाम नाही. क्रियापदाला कोणाच्या मागे जावे हेच उरत नाही. मग ते 'आले पाहिजे' असे नपुंसकलिंगी एकवचनात थांबते. विद्यार्थी एक असो की पाचशे, काही फरक पडत नाही. नी काढून टाका आणि तेच वाक्य कसे वळते ते बघा: 'विद्यार्थी वेळेवर आले पाहिजेत.' आता विद्यार्थी मोकळे झाले, लगेच त आला. 'मुली वेळेवर आल्या पाहिजेत', तसेच 'मुलींनी वेळेवर आले पाहिजे.'

पाटीपेन्सिल

'आपण'मागे लपलेला ने! हे कोणी असे दाखवलेच नव्हते. आता दुसरे वाक्य पूर्ण पटले. पहिले डोक्याला पटले, कानाला अजून नाही. 'सवयी लावल्या पाहिजे' म्हटले तर मला स्वतःलाच खटकते. पण 'झाडे लावली पाहिजे' खटकत नाही. नियम एकच असेल तर कान दोन ठिकाणी वेगळे का सांगतो?

तिसरं_प्रूफ

फार चांगला प्रश्न विचारलात. प्रुफे तपासताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: झाडे, पुस्तके, कामे, वाहने यांच्या पुढचा त जास्त वेळा गळतो. वह्या, सवयी, खोल्या यांच्या पुढचा कमी गळतो.

कारण 'ली'मध्ये आहे. 'लावली' हे रूप दोन घरचे आहे. 'शिस्त लावली' यात ते स्त्रीलिंगी एकवचन, 'झाडे लावली' यात नपुंसकलिंगी अनेकवचन. उच्चार तोच. आता 'शिस्त लावली पाहिजे, सवय लावली पाहिजे, वेल लावली पाहिजे' ही वाक्ये आपण रात्रंदिवस ऐकतो आणि ती शुद्ध आहेत. 'लावली पाहिजे' ही जोडी कानात तयार बसलेली असते. 'झाडे' म्हटल्यावर तीच तयार जोडी बाहेर पडते आणि कान तक्रार करत नाही, कारण जोडी ओळखीची आहे.

'ले'चेही तसेच. 'काम केले पाहिजे' शुद्ध, म्हणून 'खर्च कमी केले पाहिजे'सुद्धा कानाला चालून जाते. तिथे खर्च अनेक असतील तर 'पाहिजेत' हवे. पण 'ल्या' फक्त स्त्रीलिंगी अनेकवचनाचा आहे, त्याला दुसरे घर नाही. 'लावल्या पाहिजे' ही जोडी कुठल्याच शुद्ध वाक्यात येत नाही, म्हणून तिथे कान लगेच हात वर करतो.

यातून एक चाचणी मिळते. शंका आली की त्या जागी स्त्रीलिंगी अनेकवचनी नाम घालून बघायचे. झाडेऐवजी वेली, पुस्तकेऐवजी वह्या, वाहनेऐवजी गाड्या. 'आपण दरवर्षी वेली लावल्या...' इथपर्यंत म्हटले की पुढचा 'पाहिजेत' आपोआप तोंडात येतो. मग मूळ वाक्यातही तोच.

वऱ्हाडी_ठेचा

मी सोपी चाचणी सांगणार होतो की पाहिजेच्या जागी आहे-आहेत घालून बघा. 'झाडे लावली आहेत', म्हणून 'झाडे लावली पाहिजेत'. पण मग लक्षात आले, आमच्या नागपुराकडे 'तिथं खूप लोक आहे', 'माझ्याजवळ दोन पुस्तकं आहे' असेच बोलतात. तिकडच्या मुलाला ही चाचणी दिली तर तो 'झाडं लावली आहे' म्हणेल आणि 'पाहिजे' बरोबर आहे असा निकाल देईल! चाचणीच बोलीत अडकली. 'तिसरं_प्रूफ' यांची वेलीवाली चाचणी आमच्याकडे निम्मी चालेल. 'लावल्या' नक्की येईल, पण त्याच्यापुढे 'पाहिजे' म्हटलेले आमच्या कानाला तितके खटकणार नाही.

आणि हे मनापासून सांगतो. 'खूप लोक आहे' म्हणणाऱ्याला मराठी येत नाही असे समजू नका. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या ते असेच आहे. परीक्षेत प्रमाण मराठी लिहा म्हणता, लिहितो. पण ती वेगळी रीत आहे म्हणून शिकवा, आमची चूक म्हणून शिकवू नका.

खडूफळा

ठेचादादा, शंभर टक्के सहमत. वर्गात मी फळ्यावर दोन रकाने करतो: 'घरी' आणि 'पेपरात'. अशुद्ध असा रकानाच करत नाही.

तुमच्याकडच्या मुलांना 'हवा-हवी' घालून बघायला सांगा. 'पाहिजे'ला लिंग कळत नाही, म्हणून त्याचे वचनही पटकन निसटते. 'हवा'ला लिंगही कळते आणि वचनही. 'मला दोन वह्या हवी' असे कोणी म्हणत नाही, 'हव्या' किंवा 'हव्यात' म्हणतात. म्हणून 'दोन वह्या पाहिजेत'. 'विद्यार्थ्यांनी वेळेवर यायला हवे' यात 'हवे' एकवचनीच राहते, म्हणून 'आले पाहिजे'. पाटीपेन्सिलच्या दोन्ही वाक्यांना ही एकच चाचणी पुरते. आहे-आहेतची चाचणी दुसऱ्या वाक्याला लावताच येत नाही, कारण 'विद्यार्थ्यांनी आले आहे' असे वाक्य मराठीत होतच नाही.

सचिव_ब_विंग

धागा योग्य वेळी वर आला. सोसायटीची नोटीस लावायची आहे. सगळीकडे 'पाहिजेत' करून टाकले तर आदरार्थी दिसेल का? मजकूर असा:

'सभासदांनी देखभाल शुल्क दहा तारखेपूर्वी भरले पाहिजे. वाहने ठरलेल्या जागीच उभी केली पाहिजे. ओला व सुका कचरा वेगळा ठेवला पाहिजे. मुलांनी जिन्यात सायकली लावू नये. कुत्र्यांना आवारात मोकळे सोडू नये.'

तिसरं_प्रूफ

सचिवसाहेब, 'पाहिजेत'मधला त आदराचा नाही, अनेकवचनाचा आहे. सगळीकडे लावला तर तीन वाक्ये बिघडतील. एकेक बघू.

पहिले: सभासदांना 'नी' आहे, ते बाद. मोकळे नाम 'शुल्क', एक. 'भरले पाहिजे' बरोबर.

दुसरे: मोकळे नाम 'वाहने', अनेक. 'उभी' हेसुद्धा त्यांच्याच मागे चालले आहे. 'उभी केली पाहिजेत' करा. ही तुमच्या नोटिशीतली पहिली दुरुस्ती.

तिसरे: ओला आणि सुका असे दोन प्रकार असले तरी नाम 'कचरा' एकच आणि ते एकवचनी. 'वेगळा ठेवला' तुम्ही बरोबर लिहिलेत, तर 'पाहिजे'ही बरोबर.

चौथे: 'नये'सुद्धा 'पाहिजे'सारखेच चालते. मुलांना 'नी' आहे, मोकळे नाम 'सायकली', अनेक. म्हणून 'सायकली लावू नयेत'. इथे 'लावू' कधीच बदलत नाही, त्यामुळे वचनाची खूण उरते ती फक्त शेवटच्या त वर. ती गेली की काहीच उरत नाही, म्हणून पाट्यांवर 'फुले तोडू नये', 'वाहने उभी करू नये' इतके सर्रास दिसते. 'तोडू नयेत', 'करू नयेत' हवे.

पाचवे: 'कुत्र्यांना' याला ना लागला, ते बाद. मोकळे नाम नाही. 'मोकळे सोडू नये' बरोबर. पण ना काढून 'कुत्री मोकळी सोडू नयेत' केलेत तर त येईल. दोन्ही शुद्ध. 'कुत्र्यांना मोकळे सोडू नयेत' मात्र नको.

सचिव_ब_विंग

म्हणजे दोनच ठिकाणी बदल. 'पाहिजेत' आणि 'नयेत'. आभार, आजच लावतो. आणि गेटवरची 'येथे कोणी थुंकू नये' ही पाटी?

तिसरं_प्रूफ

ती बरोबर आहे. तिला हात लावू नका.

आडवाटे

मी जरा उलट बोलतो. इतके लोक, इतक्या वेळा, इतक्या ठिकाणी 'फुले तोडू नये' लिहीत असतील तर हे बदलते आहे असे का मानू नये? हिंदीत 'मुझे दो किताबें चाहिए' सर्रास चालते, 'चाहिएँ' लिहिणारे कमीच. तिथे आभाळ कोसळले नाही. शिवाय 'पाहिजे' कधीकधी स्थिर राहते हे प्रमाण मराठीतच मान्य आहे. 'मला दोन वह्या पाहिजे होत्या.' इथे कोणी 'पाहिजेत होत्या' म्हणा सांगत नाही. मग 'पाहिजे' हे न बदलणारे रूप आहे असे म्हटले तर बिघडले काय?

खडूफळा

मुद्दा दमदार आहे, आणि 'पाहिजे होत्या' हे उदाहरण अगदी नेमके आहे. पण त्यातच उत्तरही आहे.

'वह्या पाहिजे होत्या, वह्या पाहिजे आहेत, वह्या पाहिजे असतील.' या तिन्हीत अनेकवचन शेवटच्या शब्दाने उचलले आहे, म्हणून 'पाहिजे'ला ते उचलावे लागत नाही. ओझे एकानेच वाहायचे. 'पाहिजेत आहेत' किंवा 'पाहिजेत होत्या' म्हणजे दोघांनी मिळून एक पिशवी धरल्यासारखे, ते नको. पण मागे आहेत-होत्या काही नसेल तर 'पाहिजे' हाच शेवटचा शब्द, मग ओझे त्याचेच. 'वह्या पाहिजेत.'

ते उचलू शकते याचे कारण जुने आहे. 'पाहिजे' हे मुळात 'पाहणे'चे रूप, 'पाहिले जाते, शोधले जाते' अशा अर्थाचे. जुन्या मराठीत कीजे, बोलिजे, म्हणिजे अशी पुष्कळ रूपे होती. करणारा बाजूला आणि जे केले जाते ते पुढे, अशी त्यांची रचना. 'म्हणिजे'चे आपले 'म्हणजे' झाले आणि ते पुरते गोठले, आता त्याला वचन नाही. 'पाहिजे' अजून गोठलेले नाही, अर्धवट आहे. 'मला वह्या पाहिजेत' यात ज्या शोधल्या जातात त्या वह्या, म्हणून क्रियापद वह्यांच्या मागे. 'मला' हा फक्त ज्याला गरज आहे तो.

पुढे कधी 'म्हणजे'सारखे 'पाहिजे'ही पूर्ण गोठेल का? गोठेलही. आडवाटे म्हणतात त्या दिशेने बोली चालली आहे हे मी नाकारत नाही. पण हिंदीमुळे हे होतेय असे सरळ म्हणू नये. 'ली'ची दोन घरे मराठीच्या आतलीच आहेत, त जाण्याला तेवढे पुरते.

आडवाटे

अर्धवट गोठलेले, हे मान्य. पण मग परीक्षेत यावर एक गुण कापणे मला अजूनही पटत नाही. जी गोष्ट भाषेतच हलती आहे ती शुद्ध-अशुद्धच्या प्रश्नाला घेऊ नये. लेखात दुरुस्त करा, गुण कापू नका.

गणितवाला

जवळच्या नामाचा माझा नियम मागे घेतो. पण एक शंका. 'मला दोन किलो साखर पाहिजे' यात दोन किलो म्हणजे अनेकच ना? आणि 'शंभर रुपये पाहिजे'? इथे हिशेब कसा?

तिसरं_प्रूफ

माप बघू नका, मापलेली वस्तू बघा. साखर एकवचनी, किलो कितीही असोत. 'दोन किलो साखर पाहिजे', 'पाच लिटर दूध पाहिजे'. आंबे अनेक, म्हणून 'दोन किलो आंबे पाहिजेत', 'एक डझन केळी पाहिजेत'. एक डझन आणि तरी पाहिजेत, हे लक्षात राहायला चांगले.

रुपयांत मात्र माप आणि वस्तू एकच झाली. लिहिताना 'शंभर रुपये पाहिजेत', 'पाच मिनिटे पाहिजेत'. बोलताना रक्कम एक गठ्ठा म्हणून डोक्यात असते म्हणून 'शंभर रुपये पाहिजे' सुटते. परीक्षेत त लावा.

एक अपवाद हाताशी ठेवा. 'पाहिजे तेवढे आंबे घ्या', 'पाहिजे ती पुस्तके न्या'. इथे 'पाहिजे तेवढे' हा ठरीव जोड आहे, त्याला त लावायची गरज नाही. वाक्य उलगडून लिहिलेत तर लावा: 'जी पुस्तके पाहिजेत ती न्या.'

रानजाई

मी परदेशात मराठी कुटुंबांतल्या मुलांना शनिवारी मराठी शिकवते. त्यांना ने-ला-ना काही कळत नाही. वरचे सगळे वाचून मी उद्यासाठी एवढेच ठरवलेय: वाक्यातल्या ज्या नामांना शेपूट आहे त्यांना पेन्सिलने काट मारायची. उरलेल्या नामावर बोट ठेवायचे. ते अनेक असेल तर त. काहीच उरले नाही तर त नाही. चालेल का?

आणि मुले हमखास विचारतील म्हणून: 'आईने मुलांना शाळेत पाठवले पाहिजे' की 'पाहिजेत'?

खडूफळा

रानजाईताई, अगदी चालेल. फक्त आपण, मी, आम्ही, तू, तुम्ही यांना शेपूट दिसत नसली तरी अशा वाक्यात काट मारा म्हणून सांगा. पहिल्या पोस्टमधला घोटाळा तिथेच झाला होता. त्यांच्या जागी एखाद्या मुलाचे नाव घालून बघितले की लपलेली शेपूट दिसते.

'आईने' काट, 'मुलांना' काट, 'शाळेत' काट. काही उरले नाही. 'पाठवले पाहिजे.' आता 'आईने मुले शाळेत पाठवली पाहिजेत' घ्या. 'मुले' उरली, त आला. आणि 'आईने मुलांना चांगल्या सवयी लावल्या पाहिजेत' यात मुलांना काट गेली तरी सवयी उरल्या, म्हणून त. ही तीन वाक्ये एकाखाली एक लिहून मुलांकडून काट मारून घ्या.

वऱ्हाडी_ठेचा

आता मी एक अडचण टाकतो. 'तुम्ही वेळेवर आलं पाहिजेत.' पुण्याकडच्या नातेवाइकांच्या तोंडून हे स्पष्ट ऐकलेय. मोकळे नाम नाही, 'तुम्ही'ला लपलेले शेपूट आहे, म्हणजे तुमच्या हिशेबाने 'पाहिजे' हवे. मग हा त कुठून आला?

खडूफळा

तो त वेगळ्या घरचा आहे. 'तू यायला हवंस', 'तू गेलं पाहिजेस' यात जो स येतो, त्याचा हा भाऊ. समोरच्याशी बोलतोय ही खूण. 'तू पुस्तक वाचलंस, तुम्ही पुस्तक वाचलंत' यातही तो येतो. पुस्तक एकच आहे, त तरी आला, म्हणजे तो पुस्तकाचा नाही, तुमचा आहे. त्यामुळे 'तुम्ही आलं पाहिजेत' बोलण्यात येते आणि त्यात गैर काही नाही. पण 'विद्यार्थ्यांनी आले पाहिजेत' यात समोर कोणी नाही, तिथे हा त येऊ शकत नाही.

तिसरं_प्रूफ

इथे माझे आणि सरांचे थोडे वेगळे आहे. छापील मजकुरात मी 'तुम्ही आले पाहिजे' असेच ठेवते. संवाद असेल तर 'आलं पाहिजेत' राहू देते. लेखात हा त ठेवला की वाचणारा त्याला अनेकवचनाचा समजतो आणि पुढच्या ओळीत 'सभासदांनी आले पाहिजेत' लिहून मोकळा होतो.

खडूफळा

वापरात असलेले रूप केवळ गोंधळाच्या भीतीने लेखातून काढावे असे मला वाटत नाही. पण छापण्याची जबाबदारी तुमची, तिथे तुमचा शब्द.

आडवाटे

'झाडे लावायला पाहिजे' की 'लावायला पाहिजेत'? इथे तर 'लावायला' बदलतच नाही.

खडूफळा

'लावायला हवीत' म्हणता ना? मग 'लावायला पाहिजेत'. पण इथे 'पाहिजे' म्हणणारे चांगले लिहिणारेही बरेच आहेत, आणि 'लावायला' तटस्थ असल्यामुळे वाक्यात दोन वचने एकमेकांना भिडत नाहीत. मी स्वतः त लावतो. दुसऱ्याने नाही लावला तर लाल शाई काढत नाही.

तिसरं_प्रूफ

मी काढते.

पाटीपेन्सिल

चाचणीतला पुढचा प्रश्न काट मारून सोडवला. 'शासनाने शेतकऱ्यांना बियाणे व खते वेळेवर पुरवले पाहिजे.' शासनाने काट, शेतकऱ्यांना काट. उरले बियाणे आणि खते. म्हणून 'पुरवली पाहिजेत'. तालिकेशी जुळले. मात्र 'मला एक वही आणि एक पेन पाहिजे' यात दोन नामे उरतात आणि तरीही 'पाहिजेत' तोंडात येत नाही. हे तालिकेत नाही. तुम्ही काय लिहाल?

तिसरं_प्रूफ

दुकानात 'पाहिजे'. पेपरात 'पाहिजेत'.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडे दोन्हीकडे 'पाहिजे'.